सायकेडेलिक आवाजात काय हलते आणि काय स्थिर राहते

"आमचा तिघांचा बँड आहे. फेझर, इको, उलटा आवाज, सगळे प्लगइन लावून पाहिले, तरी १९६६-६७ च्या रेकॉर्डमध्ये जे डोके गरगरल्यासारखे वाटते ते येत नाही, नुसता चिखल होतो. ते लोक नेमके काय करत होते? कार्यक्रमात मागच्या पडद्यावर तेव्हासारखा तेला-पाण्याचा लाइट शो करायचा आहे, तो आम्हाला जमेल का?"

आपण 'चिखल' हा शब्द वापरला आहे आणि दोष कुठे आहे ते त्या शब्दातच आले आहे. कोणताही आवाज ऐकताना आपला कान तीन गोष्टी सतत ठरवत असतो: आवाज कशाचा आहे, कुठून येतो आहे आणि केव्हा झाला. त्या काळातल्या चांगल्या ध्वनिमुद्रणांत एका वेळी यांपैकी एकाच गोष्टीची खात्री ढळवलेली असते आणि बाकीच्या दोन जाणीवपूर्वक घट्ट धरलेल्या असतात. तिन्ही एकदम ढळल्या तर कान प्रयत्न सोडून देतो आणि आवाजाकडे गोंगाट म्हणून पाहू लागतो. आपल्या गाण्यात बहुधा हेच होत असावे. मी पुण्यात टेपच्या काळापासून ध्वनिमुद्रण करतो. सायकेडेलिक संगीत अमली पदार्थांनी येणाऱ्या अवस्थेची नक्कल करू पाहत होते. त्या पदार्थांचा मला अनुभव नाही, त्यामुळे त्या अवस्थेत खरोखर काय ऐकू येते याविषयी मी बोलणार नाही. ज्या युक्त्यांनी तिची नक्कल करण्याचा प्रयत्न झाला त्या मात्र मी फितीवरही केल्या आहेत आणि संगणकावरही. त्यांतल्या कोणत्या आपल्याला उपयोगी पडतील हे आपण रेकॉर्ड करणार आहात की छोट्या सभागृहात प्रत्यक्ष वाजवणार आहात यावर बरेच अवलंबून आहे, कारण काही युक्त्या सभागृहात चालतच नाहीत. त्या कोणत्या, ते ओघात सांगतो.

उदाहरणासाठी एकच गाणे घेऊ: बीटल्सचे 'टुमॉरो नेव्हर नोज'. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत ६ एप्रिल १९६६ रोजी त्याचे काम सुरू झाले. 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमसाठी मुद्रित झालेले ते पहिले गाणे. निर्माते जॉर्ज मार्टिन होते, आणि ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीवर नुकताच बसलेला जेफ एमरिक तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे आहे. आधी त्यात काय हलत नाही ते ऐका. सुरुवातीला तंबोरा आहे. पूर्ण गाणे एकाच षड्जावर उभे आहे, स्वरसंगती जवळजवळ बदलतच नाही, बास एका स्वराभोवती घुटमळतो आणि रिंगो स्टारचा ड्रमचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो. तो इतका एकसारखा आहे की अनेकांना ते टोके जोडून गोल केलेले, तेच तेच पुन्हा वाजवणारे फितीचे वेटोळे वाटते, पण तो हाताने वाजवलेला आहे. एमरिकने बास ड्रमच्या आत लोकरीचा स्वेटर कोंबला, मायक्रोफोन स्टुडिओच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला आणि तो आवाज फेअरचाइल्ड लिमिटरमधून दाबून घेतला. त्यामुळे ड्रम अगदी कानाजवळ आणि एकाच जागी रोवल्यासारखे वाटतात. 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर कानाला दर ठोक्याला मिळत राहते, म्हणूनच बाकीचे आवाज तरंगले तरी ऐकणारा बुडत नाही.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण तंबोऱ्याचे कामच ते आहे. षड्ज-पंचम मागे अखंड असले की गायकाने स्वर किती लांब नेला हे आपल्याला कळते. षड्ज काढून घेतला तर तेच गाणे कुठेतरी भरकटल्यासारखे वाटेल. आपले ट्रॅक उघडा आणि त्यांत तंबोऱ्याचे काम कोण करते आहे ते पाहा. बासवर कोरस, ड्रमवर रिव्हर्ब आणि गिटारवर फेझर लावला असेल तर ते काम कोणीच करत नसणार. पहिली दुरुस्ती म्हणून ड्रम आणि बास दोन्ही पूर्ण कोरडे करा, म्हणजे त्यांच्यावरचे सगळे परिणाम काढा, आणि मगच पुढे जा.

त्या स्थिर पायावर काय तरंगते? एक म्हणजे फितीची वेटोळी. पॉल मॅकार्टनीने घरच्या टेपरेकॉर्डरचे पुसणारे हेड निकामी केले होते, त्यामुळे फितीचे वेटोळे फिरत असताना नवा आवाज जुन्यावर साठत जाई. अशी वेटोळी त्याने स्टुडिओत आणली आणि ७ एप्रिलला त्यांतली पाच वापरली गेली. इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतली यंत्रे एकाच वेळी चालू ठेवली, तंत्रज्ञ पेन्सिलीवर वेटोळे ताणून धरून उभे राहिले आणि सगळे आवाज मिक्सरवर आणून सरकपट्ट्या हाताने वर-खाली करत ते मुद्रित केले गेले. समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखा जो आवाज लोकांच्या लक्षात राहतो तो त्यांपैकीच एका वेटोळ्याचा आहे.

यातला वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांचा भाग संगणकावर काम करणाऱ्यांच्या हातून नेमका निसटतो. सेकंदाला १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर, या वेगाने ७६ सेंटिमीटरचे वेटोळे दोन सेकंदांनी पुन्हा सुरुवातीला येते. दुसरे ८८ सेंटिमीटरचे असेल तर त्याला २.३ सेकंद लागतात. दोन्ही एकत्र सोडली तर ती पुन्हा एकाच क्षणी सुरू व्हायला ४६ सेकंद जातात. मधल्या काळात प्रत्येक वेळी त्यांची जुळणी नवी असते, आणि आवाज मात्र तेच दोन असल्याने कानाला ते ओळखीचे वाटत राहतात. ओळखीची गोष्ट अनपेक्षित क्षणी पुन्हा पुन्हा समोर येणे, यातून वेळेचे भान सुटल्यासारखे वाटते. संगणकात आपण वेटोळे टाकतो तेव्हा सॉफ्टवेअर ते आपोआप तालाच्या चौकटीत बसवते, दर चार मात्रांनी तोच आवाज त्याच जागी येतो आणि ऐकणारा दुसऱ्या आवर्तनालाच तो गृहीत धरतो. चौकटीला चिकटवणारी ती सोय बंद करा, वेटोळ्यांची लांबी गाण्याच्या मात्रांशी मुद्दाम न जुळणारी ठेवा आणि आवाजाची पातळी माउसने रेषा ओढून ठरवण्याऐवजी गाणे चालू असताना सरकपट्टी हाताने हलवून मुद्रित करा. चार-पाच प्रयत्नांत एखादा चांगला उतरतो. तो तसाच ठेवा, त्याला दुरुस्त करू नका.

आता ज्या आवाजासाठी आपण फेझर लावला आहे तो पाहू. विमान डोक्यावरून गेल्यासारखा तो सरकता 'शूऽऽ' आवाज ही त्या काळाची खूण आहे. आपल्याला हवा असलेला परिणाम बहुधा हाच असेल, आणि फेझरचे प्लगइन तो देत नाही.

अ‍ॅबी रोडवरील तंत्रज्ञ केन टाउनसेंड याने १९६६ मध्ये गायकाचा आवाज आपोआप दुहेरी करण्याची एक पद्धत बसवली. मुख्य टेपयंत्रात मुद्रण करणारे हेड आधी आणि ऐकवणारे हेड नंतर असते. आवाज मुद्रण करणाऱ्या हेडवरून उचलला तर तो क्षणभर आधी मिळतो. टाउनसेंडने तो आधी मिळालेला आवाज दुसऱ्या यंत्रावर पाठवला. तिथे तो मुद्रित होऊन त्या यंत्राच्या ऐकवणाऱ्या हेडवरून परत येईपर्यंत उशीर होतो, म्हणजे आधी मिळालेली सवलत खर्च होते आणि ही प्रत मूळ आवाजाच्या जवळपास बरोबरीने पोहोचते. दुसऱ्या यंत्राच्या मोटरचा वेग एका ऑसिलेटरने थोडा कमी-जास्त केला की प्रत मूळ आवाजाच्या किंचित मागे किंवा पुढे सरकते. अंतर २०-३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवले तर एकाच गायकाने दोनदा गायल्यासारखे वाटते. 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या पहिल्या भागात गायक जॉन लेननचा आवाज असाच दुहेरी केलेला आहे.

पण तेच अंतर कमी करत एक मिलिसेकंदाच्या खाली आणले की वेगळीच गोष्ट घडते. दोन सारख्या प्रतींमध्ये एक मिलिसेकंदाचे अंतर असेल, तर ५०० हर्ट्झचा स्वर दोन प्रतींत नेमका उलटा पडतो आणि एकमेकांना खोडतो. तसेच १५०० ला होते, २५०० ला होते, आणि पुढेही ठरावीक अंतराने होत राहते. आवाजाच्या पट्ट्यात कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडतात. अंतर अर्धा मिलिसेकंद केले तर पहिली खाच १००० वर जाते, आणि दोन प्रती बरोबर एकमेकींवर आल्या की सगळ्या खाचा वरच्या टोकाकडून निघून जातात. दुसरी प्रत पुढे निघाली की खाचा पुन्हा वरून खाली उतरू लागतात. हे वर जाणे, क्षणभर सगळे मोकळे होणे आणि पुन्हा खाली येणे म्हणजेच ती विमानासारखी झेप. १९६७ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत जॉर्ज कियान्ट्झ या तंत्रज्ञाने स्मॉल फेसेस या बँडच्या 'इचिकू पार्क' या गाण्यात ती इतकी स्पष्ट वापरली की आजही शिकवताना तेच उदाहरण घेतले जाते.

तंबोऱ्याच्या जवारीशी याचे कानाला जाणवणारे साम्य आहे. जवारी नीट लागली की एकच तार छेडल्यावर तिच्यातले वरचे स्वर एकामागून एक उजळत खाली उतरताना ऐकू येतात. तिथले कारण वेगळे आहे, तार घोडीच्या पृष्ठभागाला घासत असते. पण स्वर तोच राहून त्याचा रंग सतत सरकत राहणे, हा अनुभव दोन्हींत आहे. ज्याचा कान जवारीवर तयार झाला आहे त्याला फितीची झेप बरोबर जमली की नाही हे लगेच कळते.

फेझर यात कमी का पडतो, तर त्यात आवाजाला खरा उशीर दिलेलाच नसतो. त्यातले फिल्टर मोजक्याच खाचा पाडतात आणि त्या कंगव्यासारख्या समान अंतरावर नसतात. साधा फ्लँजर उशीर देतो, पण फक्त एका प्रतीला, त्यामुळे ती प्रत मूळ आवाजाच्या मागेच राहते, तिच्यावर येत नाही आणि तिला ओलांडून पुढे तर जाऊच शकत नाही. झेपेचा सगळा जीव त्या ओलांडण्यात आहे.

संगणकावर हे असे करा. ज्या ट्रॅकवर परिणाम हवा आहे त्याच्या दोन प्रती करा, दोन्ही सारख्याच जोराच्या आणि दोन्ही मध्यभागी. पहिल्या प्रतीला ५ मिलिसेकंदांचा कायमचा उशीर द्या. दुसऱ्या प्रतीवर असे डिले प्लगइन लावा ज्यातून फक्त उशिरा आलेला आवाज बाहेर पडतो आणि ज्याचा उशीर चालू आवाजात खटका न येता सलग बदलता येतो. त्याचा खुंटा १० मिलिसेकंदांवरून शून्याकडे हळूहळू आणला की मध्ये, ५ वर, दोन प्रती एकमेकींना ओलांडतात. जुळणी तपासण्यासाठी एका प्रतीची ध्रुवता उलटी करा: दोन्ही बरोबर एकमेकींवर आल्या की आवाज जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. तो नाहीसा होत नसेल, तर प्लगइन आवाजात आणखी काही मिसळते आहे किंवा दोन प्रतींचा जोर सारखा नाही. जोर सारखा असणे फार महत्त्वाचे आहे, कारण एक प्रत निम्मीच असेल तर खाचा उथळ राहतात आणि झेप फक्त आवाज थोडा पातळ झाल्यासारखी ऐकू येते. दोन प्रती डाव्या-उजव्या बाजूंना टाकल्या तर खाचा पडतच नाहीत, फक्त आवाज रुंद होतो.

आता हाताच्या वेगाविषयी. अंतर ५ वरून १ मिलिसेकंदावर येताना पहिली खाच १०० वरून ५०० हर्ट्झपर्यंतच जाते. पुढे १ वरून दहाव्या भागावर येताना ती ५०० वरून ५००० वर जाते. म्हणजे ऐकण्यासारखे जवळजवळ सगळे शेवटच्या एका मिलिसेकंदात घडते, आणि फितीवर एक मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लांबी. आपोआप फिरणारा ऑसिलेटर हा टप्पा बाकीच्या प्रवासाइतक्याच वेगाने पार करतो, त्यामुळे झेप ऐकू येण्याआधीच संपते आणि पुन्हा पुन्हा तशीच येते. हात मात्र ऐकत ऐकत तिथे मंदावतो. मी फितीच्या चाकाच्या कडेला अंगठा टेकवून हे करत असे, तेव्हा एका झेपेला सहा-सात सेकंद देत असे आणि एका गाण्यात ती दोनदाच वापरत असे.

ती कशावर लावायची हेही ठरवायला हवे. खाचांना कापण्यासाठी काहीतरी मिळाले पाहिजे, म्हणून झांजा, स्नेअर, आवाज जोरात फाटलेली गिटार किंवा संपूर्ण मिश्रण यांवर ती उठून दिसते. बासरी किंवा एकट्या बासवर लावली तर जवळजवळ काहीच होत नाही, कारण त्या आवाजांत वरच्या पट्टीचा पसारा कमी असतो. ड्रम कोरडे ठेवण्याचा आग्रह मी वर धरला, पण ओळींच्या मधल्या ड्रमच्या एखाद्या भरणीत दोन-चार मात्रा झांजांवरून झेप गेली आणि ड्रम परत आपल्या जागी आले, तर त्या स्थिरतेला बाध येत नाही. उलट ती अधिक जाणवते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र ही झेप ड्रमवर करू नका. छोट्या सभागृहात ड्रमचा आणि गिटारच्या अँपचा आवाज थेट हवेतूनच श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. त्याच्या जोडीला स्पीकरमधून येणारा आवाज कितीही सरकवला तरी तो थेट आवाज खाचा भरून टाकतो. मी स्वतः एकदा खुल्या मंचावर गिटारचा कोरडा आवाज आणि डिजिटल यंत्रातून फिरून आलेला आवाज मिक्सरवर एकत्र केला. यंत्राला आवाज परत द्यायला दोन-तीन मिलिसेकंद लागत होते हे माझ्या लक्षात आले नाही आणि पूर्ण कार्यक्रमभर गिटार नळीतून बोलल्यासारखी पोकळ वाजली. वादकांना तोच परिणाम वाटला, श्रोत्यांना मात्र गिटार आजारी वाटली असणार. ओळखण्याची खूण सोपी आहे: पोकळपणा हलत असेल तर तो परिणाम आहे, एका जागी थिजला असेल तर ती चूक आहे. आपण तिघे आहात, तेव्हा मंचावर झेप फक्त गिटारच्या आवाजावर, आणि तीही अँपमध्ये जाण्याआधीच्या पेडलमध्ये करा, म्हणजे कोरडा आवाज वेगळा बाहेर पडणार नाही. विकत घेताना दोन्ही प्रती ओलांडू देणारा फ्लँजर मागा, दुकानदार त्याला 'थ्रू-झीरो' म्हणतात.

गायकाच्या आवाजासाठी त्या गाण्यात आणखी एक गोष्ट झाली. आपला आवाज दलाई लामा डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणत असल्यासारखा यावा, अशी लेननची मागणी होती. एमरिकने त्याचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरमधून काढला आणि गाण्याच्या दुसऱ्या भागात तो आहे. लेस्लीच्या पेटीत कर्णा गोल फिरतो. तो ऐकणाऱ्याकडे येताना आवाज किंचित चढतो, दूर जाताना उतरतो, आणि त्याच वेळी त्याची दिशा आणि जोरही बदलत राहतात. सावकाश फिरताना मिनिटाला चाळीसेक फेरे होतात, जलद फिरताना चारशेच्या घरात. इथे 'कुठून' या एकाच प्रश्नाला धक्का दिलेला आहे. शब्द स्पष्ट आहेत, ताल स्पष्ट आहे, फक्त बोलणारा माणूस एका जागी उभा नाही. लेस्लीचे बरे प्लगइन आज सहज मिळतात, आणि मिश्रणातली ही एकच गोष्ट अशी आहे जी प्लगइनवर निर्धास्त सोडावी असे मला वाटते. तिच्यावर पुन्हा रिव्हर्ब लावू नका, कारण रिव्हर्ब दिशेची खूण पुसून टाकतो आणि फिरण्याचा सगळा परिणाम वाहून जातो.

उलट्या आवाजाविषयी थोडक्यात सांगतो. पूर्ण ओळ उलटी वाजवली तर ती एकदा चमत्कार वाटते, नंतर त्यात अर्थ राहत नाही. जास्त उपयोगी पडतो तो उलटा प्रतिध्वनी: ओळ उलटी करा, तिच्यावर रिव्हर्ब देऊन ते मुद्रित करा आणि मग पुन्हा सुलटे करा, म्हणजे शब्द उच्चारला जाण्याआधीच त्याची सावली उगवू लागते. ओळीच्या पहिल्याच शब्दापुरते ते ठेवा. ड्रम मोठे आणि संथ वाटायला हवे असतील तर त्याच एप्रिलमध्ये मुद्रित झालेल्या बीटल्सच्याच 'रेन'ची पद्धत घ्या. तिथे साथ जलद वाजवून फीत मंद केली होती. वेग सुमारे सहा टक्क्यांनी उतरवला की स्वर एका अर्धस्वराने खाली येतो आणि प्रत्येक आघाताला थोडे वजन येते. संगणकात हे करताना स्वर न बदलता वेग बदलणारी सोय बंद करा, नाहीतर वजन येत नाही.

आता प्रकाशाविषयी. आपल्याला जमेल का याचे उत्तर हो असे आहे, फक्त सभागृह पूर्ण काळोखे करता आले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत कलेचे प्राध्यापक सेमूर लॉक्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वर्गात वापरण्याच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर रंगीत द्रवांचे प्रयोग केले होते. १९६६ पर्यंत ती पद्धत तिथल्या नृत्यगृहांत पोहोचली. लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये मार्क बॉइल आणि जोन हिल्स, तर न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये १९६८ पासून जोशुआ व्हाइट यांचा गट ती करत असे. व्हाइट यांचे लोक पडद्याच्या मागे उभे राहून मागूनच प्रकाश टाकत. आपणही तसेच करा, कारण समोरून प्रक्षेपण केले तर वादकांच्या सावल्या पडद्यावर पडतात. आपल्याकडे हे प्रोजेक्टर अनेक जुन्या महाविद्यालयांच्या अडगळीत पडलेले सापडतात. बहुतेक वेळा फक्त दिवा बदलावा लागतो.

प्रोजेक्टरच्या काचेवर एक मोठी बशीसारखी खोलगट काच ठेवा. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची फुगीर काच त्यासाठी उत्तम. तिच्यात खाण्याचा रंग घातलेले थोडे पाणी आणि तेलात विरघळणारा रंग घातलेले पातळ खनिज तेल ओता, आणि त्यावर थोडी लहान अशी दुसरी खोलगट काच ठेवा, म्हणजे दोघींच्या मध्ये द्रवाचा पातळ थर राहील. वरची काच बोटांनी दाबली की थेंब पसरतात, सोडली की आकसतात, एका बाजूला झुकवली की सरकतात. तेलासाठी मेणबत्त्यांना वापरतात तो रंग चालतो. खाण्याचा रंग तेलात विरघळत नाही, तो बारीक गोळ्या होऊन तळाशी बसतो. पोस्टर कलर तर अजिबात घेऊ नका. तो काचेवर लाल दिसतो, पण त्यातून प्रकाश जात नाही, म्हणून पडद्यावर तो काळा पडतो. रंग प्रोजेक्टरवर ठेवण्याआधी काच उजेडासमोर धरून पाहा. तिच्यातून खोलीतल्या वस्तू दिसल्या तरच तो रंग उपयोगाचा.

स्थिर आणि हलत्या गोष्टींचा हिशेब इथेही तोच आहे. पडद्यावरच्या वर्तुळाची कड हलू देऊ नका, आतलाच द्रव हलू द्या. रंग एका वेळी दोनच ठेवा, कारण तिसरा मिसळला की दहा मिनिटांत सगळे तपकिरी होते. म्हणून दुसरी भरलेली काच बाजूला तयार ठेवावी आणि गाण्यांच्या मध्ये अदलाबदल करावी. काच प्रत्येक ठोक्याला दाबण्याचा मोह होतो. नवखा माणूस तसेच करतो आणि पडदा धापा टाकल्यासारखा दिसू लागतो. चार किंवा आठ मात्रांवर एकदा दाबा आणि सोडताना हात सावकाश उचला. ताल ड्रममधून कानाला मिळतच असतो, त्यामुळे डोळ्यांना तोच पुन्हा देण्याची गरज नसते. मंचावरचे समोरचे पांढरे दिवे बंद ठेवावे लागतील. वादकांना दिसण्यापुरते कडेचे मंद दिवे पुरेत, नाहीतर पडदा फिकट पडून एवढी मेहनत वाया जाते.

दोन गोष्टींत मी कसलीही सवलत देणार नाही. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा शेकडो वॉटचा असतो आणि काच बऱ्यापैकी तापते, म्हणून रंग पातळ करायला स्पिरिट किंवा थिनर वापरू नका, आणि काच ओसंडून यंत्रात जाईल इतकी भरू नका. दुसरी गोष्ट स्ट्रोब दिव्याची. झगमगत्या प्रकाशाने काही लोकांना अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि ज्यांना आधी कधी झटका आलेला नाही त्यांनाही तो पहिल्यांदा तिथेच येऊ शकतो. सेकंदाला सुमारे तीन ते तीस चमका हा पट्टा धोक्याचा आहे, आणि त्या काळात 'मन बदलणारा' म्हणून वापरला गेलेला वेग याच पट्ट्यात येतो. माझ्या कार्यक्रमांत मी स्ट्रोब लावत नाही. आपण लावणारच असाल तर सेकंदाला तीनपेक्षा कमी चमका ठेवा, दारावर आधी ठळक पाटी लावा आणि तो काही सेकंदांपलीकडे चालू ठेवू नका.

सराव करताना आधी पडदा आणि प्रकाश बाजूला ठेवून एकच गाणे घ्या आणि ते पूर्ण कोरडे वाजवा. ते कोरडे असतानाच दोन मिनिटे ऐकवत नसेल, तर ठेका किंवा षड्ज कुठेतरी डळमळीत आहे आणि तो आधी दुरुस्त करावा लागेल. मग गायकाच्या आवाजावर लेस्ली, मग गिटारवर एकच झेप, आणि मग वेटोळी, या क्रमाने एकेक गोष्ट वाढवा. प्रत्येक वेळी खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून ऐका. जी गोष्ट घातल्यावर ड्रमचा ठोका कुठे पडतो हे मागून कळेनासे होईल ती लगेच काढा, मग ती कितीही आवडलेली असो. वेटोळी कोणी चालवायची हेही आताच ठरवून ठेवा. तिघांचेही हात वाद्यांत गुंतलेले असतील, आणि सरकपट्ट्यांवर बसायला गाणे पाठ असलेला चौथा माणूस लागेल.